छत गार, वारा नाही, मग पाणी टपकत कसं नाही? रेडियंट कूलिंग पॅनल समजून घेऊया

नवीन ऑफिस बिल्डिंगच्या माहितीपत्रकात हल्ली 'रेडियंट कूलिंग' हा शब्द दिसायला लागलाय आणि तो वाचून बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच चित्र येतं, की छतात गार पाण्याचे पाइप घातलेत म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात हे छत घाम फुटल्यासारखं गळणार. ही भीती अजिबात चुकीची नाही. ही सगळी यंत्रणा त्या एका प्रश्नाभोवतीच उभी आहे, आणि तो प्रश्न नीट सोडवला नाही तर छत खरंच गळतं. म्हणून आपण मुंबईतलं एक ऑफिस घेऊ, जुलै महिना घेऊ, आणि आकडे मांडून बघू की हे चालतं कसं आणि अडतं कुठे.

आधी हे आहे काय?

फॉल्स सीलिंगच्या जागी अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे बसवतात, पत्र्याच्या मागच्या बाजूला तांब्याची नळी नागमोडी चिकटवलेली असते, तिच्यावर इन्सुलेशन, आणि नळीतून साधारण १६ अंशाचं पाणी फिरतं. पत्रा गार होतो आणि खालची माणसं, टेबलं, कॉम्प्युटर, उन्हाने तापलेली भिंत या सगळ्यांची उष्णता सरळ त्या पत्र्याकडे जाते, मधल्या हवेला आधी गार करायची गरज पडत नाही. उन्हात उभं राहिल्यावर अंगाला जी ऊब लागते ती किरणांनी येते ना, इथे तेच उलट दिशेने होतं, आपलं अंग त्या गार छताकडे उष्णता सोडतं. निम्म्याहून जास्त काम असं किरणांनी होतं, उरलेलं छताला लागून गार झालेली हवा हळूच खाली उतरते तिच्यामुळे.

पण पॅनल फक्त उष्णता घेतं. श्वासाला लागणारी ताजी हवा ते देत नाही आणि हवेतला दमटपणाही काढत नाही (काढायला लागलं तर ते गळणंच झालं). म्हणून जोडीला एक वेगळं मशीन लागतं, त्याला आपल्याकडचे एसीवाले टीएफए म्हणतात, म्हणजे बाहेरची हवा घेऊन, गाळून, कोरडी आणि गार करून आत सोडणारं युनिट. ते खोलीतली हवा फिरवत बसत नाही, माणसांना लागते तेवढीच ताजी हवा आणतं. थोडक्यात कामाची वाटणी झाली: उष्णतेचा मोठा भाग पाण्याकडे, ओलावा पूर्णपणे ताज्या हवेकडे.

दवबिंदू म्हणजे नेमकं काय?

फ्रिजमधली बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली की दोन मिनिटांत ती बाहेरून ओली होते. पाणी बाटलीतून आलेलं नसतं, हवेतलं बाष्प गार काचेवर जमलेलं असतं. कुठलाही पृष्ठभाग हळूहळू गार करत गेलं तर ज्या तापमानाला त्याच्यावर पहिल्यांदा पाणी जमायला लागतं, ते त्या हवेचं दवबिंदू तापमान. त्याच्यापेक्षा एक अंश वर राहिलात तर पृष्ठभाग कोरडा, एक अंश खाली गेलात तर ओला.

आणि इथे एक गोष्ट नीट धरून ठेवायला हवी, दवबिंदू हवेच्या गरम-गारपणावर नाही, तिच्यात बाष्प किती आहे त्यावर ठरतो. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू फक्त ११-१२ अंश येतो. मुंबईत जुलैच्या सकाळी २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या वर. म्हणजे १६ अंशाचा पत्रा नागपूरच्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी उघड्यावर ठेवला तरी कोरडा राहील आणि मुंबईच्या त्या सुखद वाटणाऱ्या सकाळी लगेच ओला होईल. लोक तापमान बघून ठरवतात की इथे गारवा देणं अवघड की सोपं, पण या पॅनलसाठी बघायचा आकडा दवबिंदूचा.

ऑफिसच्या आत २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता ठेवली तर दवबिंदू १४ च्या जरा खाली असतो. पाणी १६ अंशाचं. मधलं दोन अंशाचं अंतर हीच सगळी सुरक्षितता, आणि ते का ठेवायचं ते पुढे येतं.

एक ऑफिस घेऊन हिशेब करू

मुंबईत २०० चौरस मीटरचं ऑफिस, २५ माणसं. माणसांच्या अंगाची, कॉम्प्युटरची, दिव्यांची, काचेतून येणाऱ्या उन्हाची मिळून समजा ९ किलोवॅट उष्णता तयार होते. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरली तर एकूण २५० लिटर, म्हणजे तासाला ९०० घनमीटर. ही हवा १४ अंशाला आत सोडली तर ती जाता जाता ३.३ किलोवॅट उष्णता उचलते. उरले ५.७ किलोवॅट, ते पॅनलचं काम. पाणी १६ अंशाने जाऊन १९ अंशाने परत येतंय अशा वेळी पॅनलचा एक चौरस मीटर साधारण ६० वॅट उष्णता घेतो, म्हणजे ९५ चौरस मीटर पॅनल, जवळपास निम्मं छत. त्याला मिनिटाला सुमारे २७ लिटर पाणी पुरतं. हेच काम सगळं हवेने करायचं ठरवलं तर सेकंदाला २५० ऐवजी जवळपास ६८० लिटर हवा ढकलावी लागली असती, मोठे डक्ट, मोठा पंखा आणि डोक्यावर वारा.

आता ओलावा. एक माणूस बसल्या बसल्या श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ६० ग्रॅम बाष्प सोडतो, २५ जणांचं दीड लिटर झालं. आणि बाहेरून येणाऱ्या त्या ९०० घनमीटर हवेतून दर तासाला काढावं लागणारं पाणी? जवळजवळ १४ लिटर. हा आकडा बघितला की लक्षात येतं की पावसाळ्यात मुंबईत खरा सामना आतल्या माणसांच्या घामाशी नाहीच, बाहेरच्या हवेशी आहे, आणि ती हवा टीएफएच्या दारातच कोरडी झाली पाहिजे.

किती कोरडी? माणसांचं दीड लिटर बाष्पही याच हवेने उचलून बाहेर न्यायचंय, त्यामुळे ती खोलीपेक्षा जास्त कोरडी असायला लागते. तिचा दवबिंदू ११ अंश ठेवला तर माणसांचा ओलावा मिसळून खोलीचा दवबिंदू साडेतेराच्या आसपास स्थिरावतो. पॅनलमध्ये १६ चं पाणी, खोली साडेतेरावर, छत कोरडं. काम झालं.

मग वाचलं काय, ती हवा कोरडी करायला चिलर लागतोच की?

लागतोच. ११ अंश दवबिंदूची हवा हवी असेल तर टीएफएमधल्या कॉइलमध्ये, म्हणजे हवा ज्यावरून जाते त्या गार नळ्यांमध्ये, ६-७ अंशाचं पाणी लागतं आणि ते गार करणारं मशीन म्हणजे चिलर, त्यातून सुटका नाही. आणि आपल्या ऑफिसात जुलैच्या त्या सकाळी नुसती ताजी हवा तयार करायला १५ किलोवॅट जातात, पॅनलच्या ५.७ च्या अडीच पटीहून जास्त. कोणी फक्त पॅनलचा आकडा दाखवून बचत सांगत असेल तर हा १५ चा आकडा विचारा. बाहेर फेकली जाणारी गार-कोरडी हवा आणि आत येणारी दमट हवा एका फिरत्या चाकातून समोरासमोर नेली, ज्याला हीट रिकव्हरी व्हील म्हणतात, आणि ते ७० टक्के उष्णता-ओलाव्याची अदलाबदल करणारं असेल, तर १५ चे ८ किलोवॅट होतात. मुंबईत त्या चाकाशिवाय हा प्रकार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक मात्र खरं, ताजी हवा पुरेशी द्यायची तर तो भार कुठल्याही एसीला आहे. रेडियंटची बचत दुसरीकडून येते. एक म्हणजे पंखे लहान होतात, कारण पाणी त्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. दुसरं म्हणजे पॅनलचं पाणी ७ ऐवजी १६ अंशाचं चालतं, आणि चिलरला पाणी जितकं कमी गार करायला सांगाल तितकी वीज कमी, अंशामागे साधारण २ ते ३ टक्के. पण त्यासाठी १६ अंशाचं पाणी वेगळ्या चिलरने बनवायला हवं. एकाच चिलरने ७ चं बनवून मग परतीच्या पाण्यात मिसळून १६ चं केलं तर हा दुसरा फायदा हातातून गेला.

आपल्या देशातलं मोजून पाहिलेलं उदाहरण इन्फोसिसच्या हैदराबाद कॅम्पसमधलं आहे. एकच इमारत, दोन सारखे भाग, एका भागात चांगल्या दर्जाचा नेहमीचा एसी आणि दुसऱ्यात रेडियंट, आणि रेडियंट भागाने एसीसाठी सुमारे ३४ टक्के कमी वीज घेतली. तिथे पॅनल नाहीत, पाइप स्लॅबमध्ये टाकलेत, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा पॅनलला लावायचा नाही, आणि हैदराबादची हवा मुंबईइतकी दमट नसते हेही लक्षात ठेवायचं. दमट हवेत चालतं का म्हणाल तर बँकॉकचं सुवर्णभूमी विमानतळ २००६ पासून रेडियंट कूलिंगवर चालतंय, तिथे जमीन गार केलीय.

कोणी खिडकी उघडली तर?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आपल्या ऑफिसात एखादी खिडकी किलकिली राहिली आणि तासाला १५० घनमीटर बाहेरची हवा आत येऊ लागली असं धरू. टीएफएच्या ९०० पुढे ही फार वाटत नाही, पण ती न सुकवलेली आहे. हिशेब केला तर खोलीचा दवबिंदू साडेतेरावरून जवळजवळ १६ वर जातो. पाण्याचं तापमान १६. दोन अंशाचं अंतर एका खिडकीने खाल्लं.

लगेच पाऊस पडत नाही, हेही सांगायला हवं. दवबिंदू पत्र्याच्या तापमानाच्या जरासा वर गेला तर चौरस मीटरवर तासाला जेमतेम ५-१० ग्रॅम पाणी जमतं, आधी नुसती धूसर ओल दिसते, थेंब पडण्याइतका मोठा व्हायला तास जातात. पॅनल आणि वेगळी ताजी हवा या जोडीवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टॅनली मुम्मा यांनी बरंच काम केलंय, त्यांनीही हेच मांडलं होतं की घनीभवन हळू होतं, कंट्रोलला पाऊल उचलायला वेळ मिळतो.

ते पाऊल दोन प्रकारचं. पहिलं, खोलीतला सेन्सर सतत दवबिंदू काढतो आणि मिक्सिंग वॉल्व्ह पाण्याचं तापमान त्याच्या दोन अंश वर ठेवतो. दवबिंदू १६ झाला की पाणी १८. पण त्याची किंमत मोजावी लागते, पाणी दोन अंशाने वाढवलं की पॅनलची ताकद पाव भागाहून जास्त घटते, म्हणजे नेमकी हवा चिकट झाली त्याच वेळी गारवाही कमी. दुसरं, पाणी येणाऱ्या पाइपवर ओल ओळखणारी पट्टी बांधलेली असते, ती ओली झाली की त्या भागाचा वॉल्व्ह सरळ बंद. हा शेवटचा उपाय, रोज बंद होत असेल तर मुळात काहीतरी बिघडलंय.

दोन अंशच का ठेवायचे, अर्धा का नाही? कारण बाजारात मिळणारा चांगला आर्द्रता सेन्सरही ३ टक्के इकडेतिकडे दाखवतो. सेन्सर ५० म्हणतोय आणि खरी आर्द्रता ५३ आहे, तर दवबिंदू जवळजवळ एक अंशाने चुकला. दोनातला एक अंश तिथेच गेला. आणि हे सेन्सर वर्षागणिक सरकत जातात, त्यामुळे पावसाळ्याआधी ते तपासून घेणं हे या यंत्रणेचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम आहे.

स्लो आहे म्हणतात ते कशामुळे?

इथे बरेच जण दोन गोष्टी एकत्र करतात. स्लॅबमध्ये पाइप असतील तर काँक्रीटच गार व्हायला कित्येक तास लागतात, ते खरंच मंद. अॅल्युमिनियमचं पॅनल मात्र गार पाणी सुरू झाल्यावर काही मिनिटांत गार होतं. तरीही पॅनलचं ऑफिस हळू का वाटतं, तर दोन कारणं, आणि दोन्हींच्या मुळाशी पुन्हा दवबिंदूच.

पहिलं, याला जास्तीचा जोर लावायची सोय नाही. घरच्या स्प्लिट एसीत आपण १८ वर टाकतो आणि गार झोत सुटतो, कॉइल दवबिंदूच्या कितीही खाली गेली तरी चालतं कारण पाणी ड्रेनमधून जातं. पॅनलला ड्रेन नाही. पाणी १६ च्या खाली न्यायचं नाही म्हणजे ६० वॅटच्या आसपास ताकद अडकली. थर्मोस्टॅट २२ वर नेला तरी वॉल्व्ह जास्तीत जास्त पूर्ण उघडेल, छत त्याहून गार होणार नाही. दिलासा एवढाच की खोली जितकी तापेल तितकं पॅनल आपोआप जास्त उष्णता ओढतं, आणि छत गार असल्यामुळे २६ अंशाची हवाही अंगाला २५ सारखी वाटते, त्यामुळे थर्मोस्टॅटचा आकडा बघून नाही तर अंगाला काय वाटतं त्यावरून ठरवावं.

दुसरं कारण सोमवार सकाळचं. शुक्रवारी संध्याकाळी सगळं बंद केलं, दोन दिवस पावसाळी हवा फटींतून झिरपली आणि सोमवारी सकाळी खोलीचा दवबिंदू २४ झालाय. आता १६ चं पाणी सोडलं तर छत ओलं होणार. म्हणून आधी फक्त टीएफए चालू करायचा, पॅनलचा पंप बंद. आपलं ऑफिस २.८ मीटर उंचीचं धरलं तर आत ५६० घनमीटर हवा आहे आणि टीएफए तासाला ९०० सोडतोय. गणिताने दवबिंदू २४ वरून १५ वर यायला तासभर लागतो. पण कार्पेट, कागद, खुर्च्यांचं कापड, जिप्समच्या भिंती यांनी दोन दिवस ओलावा पिऊन ठेवलेला असतो तो ते परत सोडत राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन तास किंवा जास्तच धरा. साडेनऊचं ऑफिस असेल तर टीएफए सात-सव्वासातला सुरू हवा, आणि दवबिंदू उतरेल तसं पाणी मागोमाग उतरवत न्यायचं, दवबिंदू १९ तर पाणी २१, १७ तर १९, असं. नऊला येऊन एकदम सगळं चालू केलं तर अकरापर्यंत लोक घामेजलेले बसणार आणि म्हणणार की रेडियंट काही कामाचं नाही. बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारी टीएफए कमी वेगाने चालूच ठेवतात, म्हणजे सोमवारी शून्यापासून सुरुवात होत नाही.

आणि याच दोन तासांत हाउसकीपिंगवाले लादी पुसायला येतात आणि वास जावा म्हणून खिडक्या उघडतात. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना सांगायलाच हवं, आणि शक्य असेल तर खिडकीला कॉन्टॅक्ट स्विच लावून ती उघडताच त्या भागाचं पाणी बंद होईल अशी जोडणी करावी.

मीटिंग रूमचंही असंच. दहा जणांसाठी आखलेल्या खोलीत वीस जण बसले तर उष्णता पॅनल कदाचित सांभाळेल, पण हवा दहा जणांचीच असेल तर खोलीचा दवबिंदू अर्ध्या तासात साडेपंधराच्या आसपास पोचतो. म्हणून तिथे कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावून माणसं वाढली की ताजी हवा वाढवणारा डँपर ठेवतात.

छत ओलं दिसलं तर दोष कुठे शोधायचा?

ओल कुठे आहे यावरून बरंच कळतं. फक्त खिडकी किंवा दाराजवळच्या पॅनलवर असेल तर बाहेरची हवा आत येतेय. सगळ्या भागांत, पण पाणी पहिल्यांदा जिथे शिरतं त्या पॅनलवर जास्त असेल तर पूर्ण खोलीचा दवबिंदूच चढलाय, टीएफएमधून निघणारी हवा ११ दवबिंदूची निघतेय का ते मोजा. आणि एकाच ठिकाणी टपकत असेल, पत्र्याचा चेहरा मात्र कोरडा असेल, तर तो बहुतेक वेळा पॅनलचा दोष नसतो, वरचा वॉल्व्ह किंवा जोड उघडा राहिलाय. पत्रा पाण्यापेक्षा एखादा अंश तरी गरम असतो, उघडी पितळी फिटिंग थेट १६ वर असते आणि फॉल्स सीलिंगच्या वरची हवा बऱ्याचदा खोलीपेक्षा दमट असते, त्यामुळे पाणी आधी तिथे जमतं.

अजून एक तपासायचं म्हणजे दाब. आपल्या ऑफिसात ९०० घनमीटर हवा आत येतेय, तर टॉयलेटचे एग्झॉस्ट धरून बाहेर जाणारी त्याहून थोडी कमी हवी, म्हणजे खोली फटींतून बाहेर श्वास टाकते. कोणीतरी नंतर पँट्रीत मोठा एग्झॉस्ट फॅन बसवला आणि बाहेर जाणारी हवा १००० झाली, की कमी पडणारी १०० घनमीटर दमट हवा प्रत्येक फटीतून आत ओढली जाते आणि मग खिडक्या सगळ्या बंद असूनही छत ओलं का हे कोणाला कळत नाही. दाराच्या फटीशी उदबत्ती धरली की धूर आत जातोय का बाहेर, ते लगेच दिसतं.

घरी लावावं का?

मुंबई, कोकण, गोव्यात घरासाठी मी तरी सुचवणार नाही. स्वयंपाकघरात भात-डाळ उकळते, कपडे आत वाळत घातलेले असतात, बाल्कनीचं दार दिवसातून अनेकदा उघडतं आणि संध्याकाळी हवा यावी म्हणून आपण खिडक्या उघडतोच. यातलं प्रत्येक काम दवबिंदू वर नेतं. वरून टीएफए, चाक, दोन तापमानांचं पाणी एवढा पसारा एका फ्लॅटसाठी परवडत नाही. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे कोरड्या उन्हाळ्यात दवबिंदूचा त्रास कमी, पण जून ते सप्टेंबर तिथेही हवा दमट होतेच आणि तेव्हा यंत्रणा पाण्याचं तापमान चढवत नेणार, त्यामुळे पावसाळ्यासाठी पंखा किंवा छोटा एसी सोबत ठेवावाच लागेल.